एक्सेलमधले हिरवे-पिवळे-लाल गोळे चुकीचे रंग दाखवतायत, ९७ टक्केवाला लाल कसा?

लोअरपरळ_लोकल

मंडळी, एक्सेलचा प्रश्न आहे, जाणकारांनी जरा बघा. मी एका वितरण कंपनीच्या बॅक ऑफिसला आहे, आमची मुंबईत आठ सेंटरं आहेत आणि दर महिन्याला प्रत्येक सेंटरने किती टक्के माल वेळेवर पोचवला त्याचा एक तक्ता साहेबांना जातो. तक्ता आधीच्या माणसाने बनवलेला आहे, तो गेला सोडून, मला नुसती फाइल मिळाली. त्यात टक्क्यांच्या शेजारी ते ट्रॅफिक सिग्नलसारखे तीन गोळे येतात. नियम सोपा आहे, ९५ किंवा वर असेल तर हिरवा, ९० ते ९५ पिवळा, ९० च्या खाली लाल.

आता जूनचे आकडे बघा. दादर 98.6%, मुलुंड 97.9%, विक्रोळी 97.2%, घाटकोपर 96.4%, अंधेरी 95.8%, बोरिवली 93.5%, कुर्ला 91.0%, चेंबूर 88.0%. म्हणजे पाच हिरवे, दोन पिवळे आणि एकटं चेंबूर लाल यायला हवं, बरोबर? येतंय काय, तर दादर हिरवं, मुलुंड पिवळं आणि बाकी सहाच्या सहा लाल!! विक्रोळीच्या मॅनेजरचा फोन आला, "मॅडम सत्त्याण्णव टक्के काम करून लाल गोळा देताय तर आम्ही झोपाच काढतो". मला उत्तर देता येईना.

नियम उघडून बघितला, तिथे 95 आणि 90 च लिहिलंय. आणि गंमत म्हणजे गेल्या वर्षीच्या जुन्या फाइल्स उघडल्या तर त्यात रंग बरोबर आहेत, नियमही तोच. मग आत्ताच काय झालं? एक्सेलचं अपडेट वगैरे आलंय का?

बटाटावडा_एक्सप्रेस

विक्रोळीवाल्याचं बरोबर आहे. ९७ ला लाल तर आमच्या दहावीच्या मार्कांना कुठला रंग आला असता देव जाणे.

झटपट_उत्तर

सोप्पं आहे. एक्सेल टक्के दाखवतं ते फक्त दाखवायला, आतमध्ये 97.2% म्हणजे 0.972 असतं. नियमात 95 लिहिलंय म्हणून ०.९७२ ला ते ९५ पेक्षा कमी समजतंय. 95 च्या जागी 0.95 आणि 90 च्या जागी 0.9 लिहा, काम खल्लास.

लोअरपरळ_लोकल

@झटपट_उत्तर, करून बघितलं. आता चेंबूर सोडून सगळे हिरवे झाले. बोरिवली ९३.५ पण हिरवं, कुर्ला ९१ पण हिरवं. सगळे मॅनेजर खूश होतील पण हे पण चूकच आहे ना? पिवळा एकही नाही.

आणि तुम्ही म्हणता तसं असतं तर आधी सगळेच लाल यायला हवे होते, दादर हिरवं आणि मुलुंड पिवळं कसं आलं?

सोसायटीचा_सेक्रेटरी

टक्के काढताना तुमचा फॉर्म्युलाच चुकला असेल ताई. वेळेवर पोचलेले भागिले एकूण असं केलंय का उलटं केलंय? आमच्या सोसायटीत पण मागच्या खजिनदाराने व्याज काढताना असाच घोळ घातला होता.

लोअरपरळ_लोकल

नाही हो, टक्के बरोबर आहेत, हाताने तपासलेत. फक्त गोळ्यांचा रंग चुकतोय.

आकडेकाका

लोअरपरळ_लोकल, अपडेटचा काही संबंध नाही. तुझ्या नियमाच्या खिडकीत 95 च्या उजव्या बाजूला `Type` नावाचा एक रकाना आहे, तिथे काय लिहिलंय ते बघ. माझी खात्री आहे की तिथे `Percent` असणार.

लोअरपरळ_लोकल

हो काका, Percent च आहे. पण आकडे टक्क्यांतच आहेत ना, मग Percent बरोबरच नाही का?

आकडेकाका

इथेच सगळे फसतात, कारण नाव तसं आहे आणि एक्सेल ते आपणहून भरून देतं. तीन गोळ्यांचा सेट लावलास की आपोआप 67 आणि 33 येतात आणि दोन्हीचा टाइप Percent असतो. आधीच्या माणसाने फक्त आकडे बदलून 95 आणि 90 केले, टाइपला हात लावला नाही.

त्या Percent चा तुझ्या सेलमधल्या टक्क्यांशी काही संबंध नाही. एक्सेल काय करतं, नियम ज्या सगळ्या सेलवर लावलाय त्यातला सगळ्यात लहान आकडा घेतं, सगळ्यात मोठा घेतं, आणि त्या दोघांमधल्या अंतराचे ९५ टक्के चालून गेल्यावर जिथे पोचतो तिथे हिरव्याची रेघ मारतं. तुझ्या जूनमध्ये सगळ्यात कमी चेंबूर ८८, सगळ्यात जास्त दादर ९८.६, मधलं अंतर १०.६. त्याचे ९५ टक्के म्हणजे १०.०७, ते ८८ मध्ये मिळव, हिरव्याची रेघ आली ९८.०७ वर. पिवळ्याची तशीच काढ, १०.६ चे ९० टक्के ९.५४, रेघ ९७.५४ वर. आता बघ, दादर ९८.६ वर म्हणून हिरवं, मुलुंड ९७.९ दोन रेघांच्या मधे म्हणून पिवळं, आणि विक्रोळी ९७.२ पिवळ्याच्याही खाली म्हणून लाल. एक्सेलने त्याच्या हिशोबाने एकही चूक केलेली नाही.

झटपट_उत्तर यांचं अर्धं बरोबर आहे, सेलमध्ये 0.972 असतं हे खरंच. पण टाइप Percent तसाच ठेवून 0.95 लिहिलं तर त्याचा अर्थ होतो अंतराच्या एक टक्क्याहूनही कमी. रेघ येते जेमतेम ८८.१ वर, आणि पिवळ्याची तिच्या अगदी खाली चिकटून. म्हणून चेंबूर सोडून सगळे हिरवे झाले आणि पिवळ्याला जागाच उरली नाही.

स्वतः पडताळायचं असेल तर टक्के C2 ते C9 मध्ये आहेत असं धरून कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे टाक:

```
=MIN(C2:C9)+0.95*(MAX(C2:C9)-MIN(C2:C9))
```

सेलला टक्क्यांचं फॉरमॅट दे, उत्तर 98.07% येईल. हिरव्याची खरी रेघ ती.

झटपट_उत्तर

अरे बापरे. मी इतकी वर्षं Percent म्हणजे सगळ्यात मोठ्या आकड्याचे टक्के समजत होतो. म्हणजे कमाल १०० असली तर ९५ म्हणजे ९५.

आकडेकाका

किमान शून्य असेल तर तुझंही बरोबर ठरतं, कारण मग अंतर आणि कमाल एकच. त्यामुळेच कोणाला संशय येत नाही.

लोअरपरळ_लोकल

काका हे कळलं, पण मग गेल्या वर्षी बरोबर कसं यायचं? नियम खरंच तोच आहे, मी परत उघडून बघितलं, 95, 90, दोन्ही Percent.

आकडेकाका

गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा कुठला आहे ते बघून सांग.

लोअरपरळ_लोकल

दादर 100%. आणि... मीरा रोड 0%. ते सेंटर तेव्हा नावापुरतं उघडलेलं, एकही डिलिव्हरी वेळेवर नव्हती, नंतर बंदच केलं आणि यावर्षी यादीतून काढलं.

आकडेकाका

झालं मग. किमान ०, कमाल १००, अंतर पूर्ण १००. त्याचे ९५ टक्के बरोब्बर ९५ आणि ९० टक्के बरोब्बर ९०. नियम तेव्हाही चुकीचाच होता, मीरा रोडच्या शून्यामुळे उत्तर योगायोगाने बरोबर येत होतं. तुम्ही मीरा रोडची ओळ काढलीत आणि झाकलेलं उघडं पडलं.

बटाटावडा_एक्सप्रेस

म्हणजे मीरा रोड बंद पडेपर्यंत अख्ख्या मुंबईची इज्जत सांभाळत होतं. त्या सेंटरच्या मॅनेजरला निदान एक नारळ तरी द्या.

मी_ठाणेकर

हा धागा वाचून माझी ट्यूब पेटली, पण माझं प्रकरण गोळ्यांचं नाही, ते अख्ख्या सेलला रंग येतो त्याचं आहे, लाल ते पांढरा ते हिरवा. आमच्या घरगुती फराळाच्या धंद्यात मी प्रत्येक पदार्थाचा महिन्याचा नफा-तोटा मांडते. तोट्याला लाल, शून्याला पांढरा, नफ्याला हिरवा असं हवंय. चकली ३६ हजार नफा, अनारसे ४ हजार तोटा, बाकी सगळे मधे. पण करंजीत ५ हजार नफा आहे तरी ती गुलाबी दिसते, नवरा म्हणाला करंजी बंद कर तोट्यात आहे. हे त्याच जातीचं का?

आकडेकाका

मधल्या रंगाचा टाइप काय आहे ताई?

मी_ठाणेकर

मधल्याला Percent, 50. दोन्ही टोकांना Lowest Value आणि Highest Value.

आकडेकाका

हो, तेच दुखणं. उणे ४ पासून ३६ पर्यंत अंतर ४० हजारांचं, त्याचं निम्मं २०, म्हणजे तुमचा पांढरा रंग १६ हजारांवर बसलाय. १६ च्या खालचं सगळं लालाकडे झुकणार, नफा असला तरी. करंजी ५ वर आहे म्हणून गुलाबी. मधल्याचा टाइप `Number` करा आणि आकडा 0 ठेवा, मग शून्याच्या वरचं काहीही लाल दिसणार नाही. करंजी चालू ठेवा.

गिरगावकर

माझ्या आठवणीप्रमाणे एक्सेल तिरंगी स्केल आपणहून लावतं तेव्हा मधे Percentile 50 असतं, Percent नाही. तेच ठेवायला काय हरकत? Percentile जास्त शास्त्रीय आहे, एखादा वेडावाकडा आकडा आला तरी बिघडत नाही.

आकडेकाका

आठवण बरोबर आहे. पण Percentile म्हणजे सगळे आकडे रांगेत उभे केले की मधला जो येतो तो. समजा ताईंच्या बहुतेक पदार्थांत नफा आहे आणि मधला पदार्थ ११ हजारांवर आहे, तर पांढरा ११ वर बसेल आणि करंजी गुलाबीच राहील. वेडावाकडा आकडा आला तर Percentile हलत नाही हे खरं, पण त्याला शून्य कुठे आहे ते माहीतच नसतं. कोण पुढे कोण मागे एवढंच बघायचं असेल तर छान आहे, तोटा की नफा हे बघायला नाही.

मी_ठाणेकर

केलं काका. करंजी आता फिक्कट हिरवी. पण एक नवीन झालं, अनारसे भडक लाल झाले, चकली जितकी गर्द हिरवी तितकेच ते गर्द लाल. ४ हजारांचा तोटा ३६ हजारांच्या नफ्याइतका मोठा वाटतोय.

आकडेकाका

चांगलं पकडलंत. टोकं अजून Lowest आणि Highest वर आहेत ना, म्हणून जो सगळ्यात खाली त्याला पूर्ण लाल मिळणारच, तोटा चार हजार असो की चारशे रुपये. टोकंही Number करा, एक -36000, दुसरं 36000. दोन्ही बाजूंचं माप सारखं झालं की अनारसे जेमतेम गुलाबी दिसतील.

गिरगावकर

इथे मी असहमत. टोकं आकड्यांनी बांधली तर पुढच्या दिवाळीत चकली ७० हजारांवर गेली की ३६ आणि ७० दोन्ही एकाच हिरव्यात दिसणार, कारण टोकाच्या पुढे रंग गडद होतच नाही. दर वेळी कोण बसून टोकं बदलणार? मधला शून्यावर बांधा, टोकं मोकळी सोडा.

आकडेकाका

टोकं मोकळी सोडलीत तर ऑक्टोबरचा हिरवा आणि मार्चचा हिरवा यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. दोन महिने शेजारी ठेवून बघायचे असतील तर बांधलेलीच बरी.

गिरगावकर

फराळाच्या धंद्यात ऑक्टोबर-मार्च शेजारी ठेवण्यात अर्थच नाही काका. असो, ताईंनी ठरवावं.

मी_ठाणेकर

मी सध्या नवऱ्याला करंजी दाखवून आले, बाकी नंतर बघते 😄

सोसायटीचा_सेक्रेटरी

आता माझं पण बघा, मघाशी मला प्रश्न नीट कळला नव्हता. आमच्या सोसायटीत मेंटेनन्सच्या थकबाकीची शीट आहे, फ्लॅटवार. जास्त थकबाकीला लाल, कमीला हिरवा यावा म्हणून मुलाने गोळे उलटे करून दिले, ते `Reverse Icon Order`. पण सगळे थकबाकीदार हिरवे दिसतात. सगळे! तिसऱ्या मजल्यावरचा एक जण १८ हजार थकवून बसलाय तो पण हिरवा. लाल फक्त एकच ओळ आहे, खालची टोटल, २ लाख १० हजार. कमिटीच्या मीटिंगला ती शीट पडद्यावर लावली तर तोच माणूस उठून म्हणाला, बघा मी हिरवा आहे.

बटाटावडा_एक्सप्रेस

तुमच्या सोसायटीत सगळ्यात मोठा थकबाकीदार टोटल निघाला तर. तिच्या दारावर नोटीस लावा.

आकडेकाका

सेक्रेटरी साहेब, टोटलची ओळ नियमाच्या रेंजमध्ये अडकली आहे. ज्यांची बाकी शून्य तो किमान, टोटल २,१०,००० कमाल. आकडे 67 आणि 33 तसेच असतील तर लालची रेघ १,४०,७०० वर आणि पिवळ्याची ६९,३०० वर. एवढी थकबाकी कुठल्याच फ्लॅटची नसणार, म्हणून सगळे हिरवे.

टोटल रेंजमधून बाहेर काढली तरी Percent तसाच ठेवू नका. मग १८ हजारवाला कमाल होईल, आणि उद्या त्याने पैसे भरले की दुसराच कोणीतरी ५ हजारवाला कमाल होऊन लाल होईल, त्याने काहीच केलेलं नसताना. दोन्हीचा टाइप Number करा, वरच्या ओळीत 10000 आणि खालच्यात 0, आणि डावीकडचं `>=` बदलून दोन्हीकडे `>` करा. म्हणजे दहा हजारांच्या वर लाल, शून्याच्या वर काहीही बाकी असेल तर पिवळा, पूर्ण भरलेला हिरवा. `>=` तसंच ठेवलंत तर शून्य बाकीवाला प्रामाणिक माणूसही पिवळा होईल.

सोसायटीचा_सेक्रेटरी

दहा हजार की पाच हजार यावर कमिटीत दोन गट पडतील पण ते आमचं आम्ही बघतो. आभार.

लोअरपरळ_लोकल

अहो माझा धागा कुठे गेला 😅 काका, मी साहेबांना विचारायच्या आधी जुलैची फाइल पण बघितली. जुलैत पावसात चेंबूरच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं, ते सेंटर ६० टक्क्यांवर आलं. बाकीच्या सातही सेंटरांचे आकडे योगायोगाने जूनचेच, पॉइंटचाही फरक नाही म्हणून मी दोनदा तपासलं. तरी विक्रोळी लालची हिरवी झाली! घाटकोपर आणि अंधेरी लालचे पिवळे झाले. विक्रोळीवाला आता म्हणतोय बघा आम्ही सुधारलो.

आकडेकाका

याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला शोधून मिळालं नसतं. किमान ८८ वरून ६० वर गेला, अंतर ३८.६ झालं. हिरव्याची रेघ ९८.०७ वरून ९६.६७ वर उतरली, पिवळ्याची ९४.७४ वर. विक्रोळी ९७.२ वरच उभी आहे, रेघ तिच्या खालून निघून गेली. चेंबूर बुडालं म्हणून बाकीचे वर आल्यासारखे दिसतायत.

कुठलीही अनोळखी फाइल हातात आली की हीच परीक्षा करायची. सगळ्यात लहान आकड्याच्या सेलमध्ये मुद्दाम 0 टाकायचा आणि बाकीच्या सेलकडे बघायचं. दुसऱ्या कुठल्याही सेलचा रंग हलला तर नियम Percent वर आहे, Percentile मात्र या परीक्षेत सहसा सापडत नाही. Number वर असेल तर ज्या सेलला हात लावला तेवढाच बदलतो. मग कंट्रोल झेड.

झटपट_उत्तर

आणि फिल्टर लावून चेंबूर लपवलं तर? लपलेल्या ओळी एक्सेल मोजत नाही ना?

आकडेकाका

मोजतं. फिल्टरने किंवा हाइड करून लपवलेली ओळ नियमाच्या रेंजमध्ये असेल तर तिचा आकडा किमान-कमालीत धरलाच जातो. त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांवरून हिशोब लागत नाही आणि माणूस चक्रावतो.

लोअरपरळ_लोकल

बरं आता नीट स्टेप सांगा, मी आज बदलते.

आकडेकाका

`Home` मध्ये `Conditional Formatting`, तिथे सगळ्यात खाली `Manage Rules`. वरच्या पट्टीत `This Worksheet` निवड, नाहीतर सिलेक्ट केलेल्या सेलचेच नियम दिसतात. नियमावर क्लिक करून `Edit Rule`. तिथे हिरव्या आणि पिवळ्या दोन्ही ओळींचा Type आधी `Number` कर आणि मगच Value लिही, उलट क्रमाने केलंस तर लिहिलेला आकडा पुसला जातो. Value मध्ये 0.95 आणि 0.9. आता मात्र झटपट_उत्तर यांचं म्हणणं लागू आहे, इथे 95 लिहिलंस तर सगळं लाल होईल कारण सेलमध्ये 0.972 आहे.

साहेब दर तिमाहीला टार्गेट बदलत असतील तर टाइप `Formula` ठेवून `=$K$1` असं एका सेलकडे बोट दाखवता येतं. दोन्ही डॉलर हवेतच, डॉलर नसलेला पत्ता या नियमात एक्सेल घेतच नाही.

मॅक्रो_मन्या

एकेक नियम उघडून बघत बसू नका, उघड्या शीटमध्ये किती नियम बिघडलेत ते हे सांगेल. एडिटरमध्ये इमिजिएट विंडो उघडी ठेवा:

```vba
Sub GoleTapasa()
    Dim f As Object
    For Each f In ActiveSheet.Cells.FormatConditions
        If f.Type = xlIconSets Then
            Debug.Print f.AppliesTo.Address, _
                f.IconCriteria(2).Type, f.IconCriteria(2).Value
        End If
    Next f
End Sub
```

पत्त्याच्या शेजारी 3 आलं तर Percent, 5 आलं तर Percentile, 0 आलं तर Number. पहिल्या गोळ्याला स्वतःची रेघ नसते म्हणून दुसऱ्यापासून बघायचं. बदलण्याचं काम मॅक्रोने करता येतं पण मी देत नाही, एकाच शीटमध्ये टक्क्यांचे आणि रुपयांचे गोळे असले तर दोन्हीकडे 0.95 घुसेल.

लोअरपरळ_लोकल

मन्या, तुमचा मॅक्रो चालवला. मला वाटत होतं एकच नियम आहे, निघाले चार! C2 ते C5 चा वेगळा, C6 आणि C7 चा वेगळा, मग C8, मग C9. सगळ्यांपुढे 3.

मॅक्रो_मन्या

कोणीतरी ओळी कॉपी-पेस्ट करताना किंवा त्या फॉरमॅट पेंटरच्या ब्रशने नियमाचे तुकडे केलेत. आत्ताच झालं असेल, कारण जूनचे रंग काकांच्या हिशोबाशी जुळतायत म्हणजे तेव्हा तरी नियम अखंड होता. Percent वर असे तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याची किमान-कमाल वेगळी, म्हणजे कुर्ल्याची स्पर्धा कुर्ल्याशीच. Number वर तुकडे झाले तरी रंग चुकत नाहीत, फक्त पुढे टार्गेट बदलताना चार ठिकाणी बदलावं लागतं. तीन डिलीट करा आणि उरलेल्याच्या `Applies to` मध्ये `=$C$2:$C$9` लिहा.

लोअरपरळ_लोकल

केलं. जुलैचे पाच हिरवे, दोन पिवळे, चेंबूर लाल. शून्य टाकून परीक्षा पण केली, दुसरं कोणी हललं नाही. जूनची फाइल पण सुधारून विक्रोळीला पाठवली, आता तो म्हणतोय मग आम्ही सुधारलो नाही का 🤦‍♀️

पण ऑगस्टच्या कच्च्या आकड्यांत एक नवीनच. अंधेरीच्या सेलमध्ये 95% दिसतंय आणि गोळा पिवळा. बाकी ठीक.

झटपट_उत्तर

सेल सिलेक्ट करून दशांश वाढवा, 94.8% वगैरे असेल. ऑगस्टच्या रकान्यात दशांश दाखवलेले नाहीत बहुतेक. गोळा आतला आकडा बघतो, दिसणारा नाही. या वेळेला मी बरोबर आहे 😎

लोअरपरळ_लोकल

हो, 94.7 आहे. मग काय करू, फॉर्म्युल्यात `ROUND` घालून पूर्ण टक्क्यात आणू?

आकडेकाका

मी नाही आणणार. ९४.७ म्हणजे टार्गेट चुकलंय. दशांश दाखव, वाद मिटेल.

झटपट_उत्तर

काका, पण साहेबांना छापील कागदावर ९५ दिसतं आणि शेजारी पिवळा, त्यांना ते खोटं वाटणार. जे दिसतं त्यावर रंग हवा. आमच्याकडे `=ROUND(B6/A6,2)` असंच ठेवलंय आणि सगळ्यांना चालतं.

गिरगावकर

सगळ्यांना म्हणजे ज्यांचे ९४.५ आहेत त्यांना.

बटाटावडा_एक्सप्रेस

अंधेरीच्या मॅनेजरला विचारा, तो ROUND च्या बाजूने मत देईल.

लोअरपरळ_लोकल

साहेबांना मेल टाकला आहे की टार्गेट ९५ म्हणजे 95.0 का पूर्णांकात ९५, ते लेखी द्या. तोपर्यंत एक दशांश दाखवून ठेवते. आणि मन्या, बाकीच्या बारा फाइल्समध्ये पण 3 च येतोय.